११ डिसेंबरचा कापूस १४ नोव्हेंबरला कसा आला?

गेल्या हंगामात अमळनेरकडच्या एका ओळखीच्या जिनिंगमध्ये १४ नोव्हेंबर २०२५ ला खरेदीचा अहवाल निघाला. त्यात ११ डिसेंबरची खरेदी होती. महिना उजाडायचाच होता आणि त्या दिवसाचा कापूस तोलूनही झाला होता! मुनीमकाका म्हणाले, "कम्प्युटरनंच दिलंय, चुकेल कसं?" हा समज आपल्याकडे फार घट्ट बसलेला आहे. कम्प्युटर बेरीज चुकत नाही हे खरं, पण बेरजेत जाणारा आकडा जगात शक्य आहे की नाही, हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. ते सांगणारी छोटी वाक्यं म्हणजे पडताळणीचे नियम.

आधी सोपा प्रकार पाहू. कापसाची ट्रॅक्टर-ट्रॉली काट्यावर आधी भरलेली चढते, नंतर रिकामी. त्याच जिनिंगमध्ये एका दिवशी एका ट्रॉलीचं भरलेलं वजन ५,४२० किलो आणि रिकामं २,९८० किलो होतं, तर कापूस २,४४० किलो, म्हणजे २४.४० क्विंटल. गाठी बाहेर पाठवताना क्रम उलटा असतो, ट्रक आधी रिकामा तोलतात. त्यामुळे काट्यावरच्या मुलाने 'आवक'ऐवजी चुकून 'जावक' निवडलं की वजाबाकी उलटी होते आणि नोंद पडते उणे २४.४० क्विंटल.

अहवालात ही ओळ एकटी दिसत नाही, ती बेरजेत विरघळून जाते. त्या दिवशी खरी खरेदी ३१२.४० क्विंटल होती, अहवालात आली २६३.६०. फरक २४.४० चा नसून ४८.८० चा, कारण ती गाडी बेरजेत आली तर नाहीच, उलट दुसऱ्या कुणाचा तेवढाच कापूस खाऊन गेली. "इतला कापूस गया कोठे?" म्हणून आरडाओरडा झाला. काट्याला नजर लागली म्हणून कुणीतरी लिंबू-मिरचीही बांधली. त्या लिंबाने एक किलोही परत येत नाही, आणि तोवर काट्यावरच्या मुलावर चोरीचा संशय मात्र येतो, याचं मला फार वाईट वाटतं. मुनीमकाकांनी काटापट्ट्या हाताने जुळवल्या, फरकाचा निम्मा काढला आणि २४.४० ची गाडी शोधली. चिन्ह उलटलं की फरक दुप्पट होतो, ही हिशेबनिसांची जुनी युक्ती आहे. पण नोंद पडतानाच एक नियम असता, तर एवढं करावंच लागलं नसतं:

```
=AND(C2>0, B2>C2)
```

B मध्ये भरलेलं वजन, C मध्ये रिकामं. C2>0 ही अट मुद्दाम घातली आहे. रिकामं वजन लिहायचं राहिलं, तर एक्सेल रिकाम्या चौकटीला शून्य धरतं आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीसकट ५४.२० क्विंटल कापूस दाखवतं.

आता माझ्या आवडीचा भाग, तारीख. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्या ऑफिसात नवा कम्प्युटर आला होता. काट्यावरची फाइल तारीख आपल्या पद्धतीने लिहिते, आधी दिवस, मग महिना. नव्या कम्प्युटरची मांडणी अमेरिकी होती, आधी महिना, मग दिवस. एक्सेल तारीख अक्षरांत साठवत नाही, १ जानेवारी १९०० ला १ धरून दिवस मोजत जातं. १२ नोव्हेंबर २०२५ म्हणजे ४५९७३. पण १२/११/२०२५ हे त्याने बारावा महिना, अकरावा दिवस असं वाचलं आणि ४६००२ साठवलं. कापूस २९ दिवस पुढे गेला.

मग मी नोव्हेंबरच्या तिसही तारखा वहीवर मांडल्या. १३ ते ३० या तारखांचं एक्सेलला काहीच करता येत नाही, कारण तेरावा महिना नसतो. त्या मजकूर म्हणून तशाच राहतात आणि चौकटीत डावीकडे चिकटलेल्या दिसतात. ११ तारीख योगायोगाने बरोबर येते. १ ते १० या तारखा ११ जानेवारीपासून ११ ऑक्टोबरपर्यंतच्या होतात, म्हणजे भूतकाळात जातात. भविष्यात जाते ती फक्त १२ तारीख. 'भविष्यातली तारीख नको' एवढाच नियम ठेवला, तर चुकीच्या वाचलेल्या अकरा तारखांपैकी एकच सापडेल. ११ डिसेंबर दिसला म्हणून आम्ही दचकलो, तेव्हा आधीच्या दहा दिवसांच्या नोंदी गुपचूप चुकीच्या महिन्यांत जाऊन बसल्या होत्या. हंगामाची एकूण बेरीज बरोबर होती, म्हणून कुणाला शंकाही आली नव्हती.

म्हणून तारखेला दोन्ही बाजूंनी कुंपण लागतं. कापसाचा हंगाम १ ऑक्टोबरपासून धरतात, तेव्हा:

```
=AND(ISNUMBER(A2), A2>=DATE(2025,10,1), A2<TODAY()+1)
```

पहिली अट मजकूर होऊन बसलेल्या तारखा पकडते, दुसरी जानेवारी ते सप्टेंबरमध्ये गेलेल्या. शेवटी `A2<=TODAY()` लिहिलं नाही, कारण TODAY() म्हणजे आज मध्यरात्रीचा क्षण. काट्याच्या फाइलमध्ये वेळही येत असेल, तर आज दुपारी अडीचची खरी नोंद त्या क्षणापुढची ठरते आणि नियम तिलाच नाकारतो.

हा नियम नोंद पडताना चालवायचा, अहवाल काढताना नव्हे. ११ डिसेंबरची ती नोंद १४ नोव्हेंबरला भविष्यातली होती. अहवाल ३१ डिसेंबरला काढला असता, तर ती सरळ कुंपणाच्या आत आली असती. एक्सेलमधली 'डेटा व्हॅलिडेशन'ची सोयही फक्त हाताने टाइप केलेलं तपासते, कॉपी करून चिकटवलेल्या ओळी तिला चुकवून आत जातात. त्यासाठी शेजारच्या रकान्यात वरचं सूत्र ठेवून FALSE आलेल्या ओळी वेगळ्या काढाव्या लागतात. वेगळ्या काढायच्या, आपोआप दुरुस्त करायच्या नाहीत. उणे दिसलं की अधिक करून टाकणारं सूत्र लावलं, तर 'जावक' निवडायची चूक रोज होत राहील आणि कुणाला कळणारही नाही. ओळ घेऊन काटापट्टीच काढून बघायची.

एवढं करूनही १० नोव्हेंबर सुटला. तो ११ ऑक्टोबर झाला होता, आणि ११ ऑक्टोबर हंगामातच बसतो. इथे पावती क्रमांक कामी आला. पावत्या क्रमाने फाटतात, म्हणून तारीख मागे जाता कामा नये. आधी मी प्रत्येक तारीख फक्त वरच्या ओळीशी ताडून पाहिली आणि फसलो. चुकलेल्या तारखा आपसांत चढत्याच होत्या, ११ सप्टेंबरनंतर ११ ऑक्टोबर. मग वरच्या ओळीऐवजी आतापर्यंतची सर्वांत मोठी तारीख घेतली:

```
=A3>=MAX(A$2:A2)
```

जुन्या कम्प्युटरवर बरोबर नोंदलेला ३१ ऑक्टोबर वर होताच. त्याच्यापुढे ११ ऑक्टोबर मागे पडला आणि त्या दिवसाच्या सगळ्या ओळींसमोर FALSE उमटलं.