रक्ततपासणीच्या अहवालाचा फोटो आम्ही कसा वाचतो
(आमच्या नाशिकमधील ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आपण मोबाइलवर पाठवलेल्या अहवालाच्या फोटोतील आकडे प्रथम संगणक उचलतो, मग आमचा माणूस ते मूळ फोटोशी ताडून पाहतो आणि जे आकडे त्याच अहवालावर छापलेल्या सामान्य मर्यादेबाहेर असतील त्यांच्यावर खूण करतो. मर्यादा आम्ही स्वतःच्या तक्त्यातून लावत नाही, कारण प्रयोगशाळेचे यंत्र आणि एकक, तसेच रुग्णाचे वय आणि लिंग यांनुसार ती बदलते.

समजा, सातपूरच्या एका ताईंचा अहवाल घडी पडलेला आहे आणि घडीवरचे हिमोग्लोबिन १६.२ असे वाचले गेले. छापील मर्यादा १२ ते १५ असल्याने खूण ‘जास्त’ अशी पडेल. मात्र त्याच पानावर तांबड्या पेशींची संख्या ४.२५ आणि एमसीएच, म्हणजे एका पेशीतील सरासरी हिमोग्लोबिन, २४ असे छापलेले आहे. हिमोग्लोबिनला १० ने गुणून पेशींच्या संख्येने भागले की एमसीएच मिळते. १६.२ घेतल्यास उत्तर ३८ येते, १०.२ घेतल्यास बरोबर २४. म्हणजे घडीने शून्याचा सहा केला होता आणि खरी खूण ‘कमी’ अशी आहे. हा पडताळा आम्ही प्रत्येक सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या संपूर्ण मोजणीच्या, अहवालावर करतो. तो जुळला नाही, तर खूण न करता दुसरा फोटो मागतो.

या ताईंच्या अहवालावर आता चार खुणा दिसतील: हिमोग्लोबिन १०.२, रक्तातील तांबड्या पेशींचा टक्का म्हणजे पीसीव्ही ३२.३, पेशीचा सरासरी आकार म्हणजे एमसीव्ही ७६ आणि एमसीएच २४. हे चार आजार नव्हेत. रक्तातील हिमोग्लोबिन कमी आहे, तांबड्या पेशी आकाराने लहान आहेत आणि त्यांचा रंग फिका आहे, अशी ही एकच हकीकत आहे. तिचे सर्वांत सामान्य कारण लोहाची कमतरता असते. परंतु थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष, असलेल्यांच्याही पेशी लहानच असतात. त्यांच्यात पेशींची संख्या बहुधा वाढलेली असते आणि येथे ती तशी नाही, तरी एवढ्यावरून निदान होत नाही. शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासावे की नाही, हे डॉक्टर ठरवतील. त्याआधी लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत.

मर्यादा साधारणपणे निरोगी माणसांपैकी ९५ टक्के जण आत बसतील अशी ठरवलेली असते, त्यामुळे काठावरच्या खुणेला आम्ही फिकट रंग देतो. हिमोग्लोबिन ७ च्या खाली दिसल्यास मात्र लेखी उत्तराची वाट न पाहता आम्ही आपल्याला फोन करतो आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाण्यास सांगतो.

फोटो काढताना कागद टेबलावर सपाट ठेवावा, फ्लॅश बंद करून खिडकीच्या उजेडात पूर्ण पान घ्यावे आणि वय, लिंग व एककांचा रकाना कापला जाऊ देऊ नये. प्रयोगशाळेने पीडीएफ दिली असेल, तर फोटोऐवजी तीच पाठवावी.