तांत्रिक मूल्यांकन टिपणीतला एक गुण आणि त्यामागचा विमानतळावरच्या रेस्टॉरंटचा खटला

टेंडरच्या फाईलमध्ये तांत्रिक मूल्यांकनाची टिपणी असते ना, चार पानं, एक तक्ता आणि खाली समितीच्या सह्या, ती बहुतेक जण नुसती चाळतात आणि शेवटची शिफारस तेवढी वाचतात. पण त्या तक्त्यातला एक गुण कसा दिला यावर पूर्ण कंत्राट फिरतं, आणि त्या गुणाचं कारण लिहायची जी पद्धत आज आहे ती कुठून आली हे माहीत असेल तर टिपणी लिहिणाऱ्याचा हात आपोआप सावध होतो, म्हणून हे लिहितोय.

आधी एक उदाहरण घेऊ. समजा एका नगरपरिषदेला पाणीपुरवठा योजनेचा डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, करायला सल्लागार नेमायचाय. टेंडरमध्ये लिहिलंय की तांत्रिकला ७० टक्के वजन, दराला ३० टक्के, आणि तांत्रिकमध्ये १०० पैकी किमान ७० गुण हवेत. तिघं येतात. 'क'ला ६६ मिळाले, तो तिथेच बाद, त्याचा दराचा लिफाफा उघडायचाच नाही. 'अ'ला ८६ आणि त्याचा दर ४८ लाख, 'ब'ला ७८ आणि दर ४० लाख. सगळ्यात कमी दर 'ब'चा म्हणून त्याला दराचे १०० गुण, आणि 'अ'ला ४० भागिले ४८ गुणिले १०० म्हणजे ८३.३३. आता वजन लावा. 'अ'चे ६०.२ अधिक २५ म्हणजे ८५.२, 'ब'चे ५४.६ अधिक ३० म्हणजे ८४.६. 'अ' जिंकला, ८ लाख महाग असूनही, आणि ते नियमातच आहे.

आता त्या ८६ च्या आत बघा. टीम लीडरच्या अनुभवाला टेंडरमध्ये पायऱ्या दिल्यात, १५ वर्षं किंवा जास्त असेल तर ५ गुण, १२ ते १५ च्या मधे असेल तर ४. 'अ'च्या टीम लीडरचं अनुभवाचं पहिलं सर्टिफिकेट जुलै २००९ चं, आणि निविदा भरायची शेवटची तारीख मार्च २०२४. मोजले तर १४ वर्षं ८ महिने. समितीत कोणीतरी म्हणतं की अहो चारच महिने कमी आहेत, माणूस चांगलाय, द्या ५. चांगल्या मनाने दिलेला गुण असतो तो, पण तो काढला की 'अ'चे ८५ होतात, एकूण ८४.५, आणि 'ब' ८४.६ वर पुढे जातो. म्हणजे चार महिन्यांच्या सवलतीने काम एकाकडून दुसऱ्याकडे गेलं.

'माणूस चांगलाय, द्या' हे का चालत नाही याचं उत्तर मुंबईच्याच एका खटल्यात आहे. जानेवारी १९७७ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने मुंबई विमानतळावर सेकंड क्लास रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार तीन वर्षं चालवायला टेंडर काढलं, आणि अट घातली की भरणारा 'रजिस्टर्ड सेकंड क्लास हॉटेलियर' हवा, किमान ५ वर्षांचा अनुभव असलेला. सगळ्यात जास्त लायसन्स फी देऊ करणाऱ्याने महिन्याला ६,६६६.६६ रुपये लिहिले होते. त्याच्याकडे कॅन्टीन आणि कॅटरिंगचा दहा वर्षांहून जास्त अनुभव होता पण त्या दर्जाचं हॉटेल त्याने तेवढी वर्षं चालवलेलं नव्हतं. प्राधिकरणाने अनुभव पुरेसा मानून काम त्यालाच दिलं. मग ज्याने टेंडर भरलंच नव्हतं असा एक जण कोर्टात गेला आणि म्हणाला, अट सैल होणार आहे हे आधी सांगितलं असतं तर मीपण भरलं असतं.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपण नेहमी आलेल्या तीन-चार जणांमधेच न्याय बघतो आणि अट वाचून जे आलेच नाहीत ते कोणाच्या डोळ्यासमोर नसतात. सुप्रीम कोर्टाने ४ मे १९७९ ला, रमण दयाराम शेट्टी खटल्यात, न्यायमूर्ती भगवतींच्या निकालपत्रात हेच उचललं. सरकारी यंत्रणेने स्वतः जाहीर केलेल्या कसोटीला तिने स्वतः बांधून राहायलाच पाहिजे, हे तत्त्व त्यांनी अमेरिकन न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्या १९५९ च्या मतातून घेतलं आणि इथे संविधानातल्या समानतेच्या कलम १४ शी जोडलं. अट पाळली नाही हे कोर्टाने मान्य केलं, तरी कंत्राट मात्र रद्द झालं नाही, कारण याचिका कित्येक महिने उशिरा आलेली आणि तोवर काम मिळालेल्या माणसाने तिथे सव्वा लाखाच्या आसपास खर्च करून काम सुरू केलं होतं. म्हणून आक्षेप घ्यायचा तर लगेच घ्यावा लागतो, आणि टिपणीसुद्धा कार्यादेशाच्या आधीच पक्की हवी.

पुढचं मोठं वळण १९९४ चं, सुप्रीम कोर्टातला टाटा सेल्युलर खटला. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास या चार शहरांच्या मोबाईल लायसन्सचं वाटप, आणि त्यात बाद झालेल्यांनी गुण देण्याच्या पद्धतीवरच बोट ठेवलं. कोर्टाने सांगितलं की निर्णय बरोबर की चूक यावर आम्ही अपिलासारखे बसणार नाही, निर्णयापर्यंत कसे पोचलात ते तपासू. याचा टिपणीवर थेट परिणाम होतो. समितीने ८६ दिले की ८४ यात कोर्ट सहसा शिरत नाही, पण ८६ कसे झाले हे कागदावर दिसत नसेल तर तुमच्याकडे दाखवायला काहीच उरत नाही.

गुण आणि दर एकत्र करायची ही वजनाची पद्धत, क्यूसीबीएस, आपल्याकडे सल्लागारांच्या निवडीतून रुळली, जागतिक बँकेच्या पैशाच्या प्रकल्पांत तिचा मोठा वापर झाला. केंद्राच्या जनरल फायनान्शियल रूल्स २०१७ मध्ये नियम १९२ तिच्यासाठीच आहे, किमान गुण किती हवेत ते टेंडरमध्येच सांगा आणि तांत्रिकचं वजन ८० टक्क्यांच्या वर नेऊ नका असं त्यात आहे. आणि नियम १७३ मध्ये ते १९७९ चं तत्त्व सरळ नियम बनून बसलंय, की टेंडरमध्ये नसलेली नवी अट मूल्यांकनाच्या वेळी आणायची नाही.

म्हणून टीम लीडरच्या गुणासमोर 'अनुभव समाधानकारक' असं लिहून भागत नाही. लिहायचं ते असं: 'निविदेतील पायरीनुसार १२ ते १५ वर्षे, पान अमुकवरील प्रमाणपत्राप्रमाणे शेवटच्या तारखेस १४ वर्षे ८ महिने, सबब ४ गुण.' ही ओळ दराचा लिफाफा उघडायच्या आधीच्या तारखेची आणि सह्या झालेली हवी, कारण दर कळल्यावर बदललेला गुण, कितीही खरा असला तरी, कोणाला पटत नाही. असा घोळ टिपणीत ओळखू येतो, जिथे सगळ्या सदस्यांचे गुण अगदी सारखे असतात, किंवा प्रेझेंटेशनला २० गुण आणि ते कशावर दिले याची एक ओळपण नसते, तिथे थांबून विचारावं.

२९ ऑक्टोबर २०२१ ला अर्थ मंत्रालयाने बांधकामांना, आणि सल्लागारांच्या सेवा सोडून इतर सेवांनाही, ही पद्धत ठराविक अटींवर खुली केली, पण दर सोडून बाकी सगळ्याचं वजन जास्तीत जास्त ३० टक्के. आपलंच उदाहरण त्या वजनाने मोजलं तर 'अ'चे, ८६ गुण तसेच धरूनही, ८४.१ होतात आणि 'ब'चे ९३.४, म्हणजे टीम लीडरच्या त्या एका गुणाने तिथे काहीच हललं नसतं.