घरच्यांची मजुरी आणि मालकाचा पगार: प्रकल्प अहवालात कुठे धरायचा?

प्रकल्प अहवाल करून घ्यायला येणाऱ्यांना आम्ही खर्चाच्या यादीत मजुरी विचारतो, तेव्हा बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: "घरना माणसेसले कसाना पगार?" उत्तर प्रामाणिक असतं, पण पुढे भाव ठरवताना नेमकं तेच नडतं. खरं तर शेतकऱ्याला हा हिशेब नवा नाही. कापसाच्या हमीभावाची शिफारस करताना कृषी खर्च व मूल्य आयोग रोख खर्चाबरोबर घरच्यांच्या राबण्याचीही मजुरी धरतो. 'ए२ अधिक एफएल' म्हणतात तो हाच. शेतात जे धरायचं, ते वेफर्सच्या कढईपाशी सोडून द्यायचं कारण नाही.

शिरपूर भागातला केळी वेफर्सचा एक घरगुती कारखाना घेऊ. समजायला सोपे जावेत म्हणून आकडे गोल धरले आहेत. महिन्याला ६०० किलो माल, घाऊक भाव २४० रुपये, म्हणजे विक्री १,४४,००० रुपये. केळी, तेल, गॅस, पाकिटं, वीज, भाडं मिळून १,०५,००० जातात. हातात राहतात ३९,०००. मालक म्हणतो, किलोमागे ६५ रुपये नफा.

आता राबणं मोजू. मालक रोज ५ तास तळतो आणि ५ तास दुकानांना माल पोचवून उधारी गोळा करतो. तळणारा कारागीर तासाला ८० रुपये घेतो, माल पोचवणारा ६०. दिवसाचे ७०० झाले, २६ दिवसांचे १८,२००. पत्नी सोलणं आणि पाकिटं भरणं ५ तास करते, तासाला ४५ रुपयांनी ५,८५०. आई ३ तास बसते, पण बाहेरची बाई तेवढं काम २ तासांत उरकेल, म्हणून तिचे २ तासच धरायचे: २,३४०. इथे घड्याळापेक्षा काम मोजायचं असतं. एकूण २६,३९०. खरा नफा राहिला १२,६१०, किलोमागे २१ रुपये.

दर कोणता धरायचा, हा प्रश्न हमखास येतो. भाव ठरवताना तेच काम करणाऱ्या बाहेरच्या माणसाला तुमच्या गावात जे द्यावे लागेल, ते धरा. हा धंदा करावा की नाही, हे ठरवताना मात्र तुम्ही स्वतः दुसरीकडे किती कमावले असते, तो आकडा बघा. पदवीधर मुलगा पाकिटं भरत असेल तर पहिल्या हिशेबात त्याचे ४५ रुपयेच लागतील, दुसऱ्यात त्याची सोडलेली नोकरी.

समजा, एक व्यापारी २१५ रुपयांनी दरमहा २०० किलो जादा माल मागतो आणि उचलूनही नेतो. भाडं वगैरे तेच राहतं, कच्चा माल आणि इंधन किलोला १५० लागतं. म्हणजे ६५ रुपये सुटतात, महिन्याला १३,०००. मालक हो म्हणून मोकळा होतो. पण घरात आता तास उरलेले नाहीत, आणि दीड-दोन तासांसाठी कारागीर येत नाही. तो अर्धा दिवस घेतो, ३५० रुपये. पाकिटं भरणारी १८०. महिन्याचे १३,७८०. जादा माल करून ७८० रुपये खिशातून गेले. हा सौदा २१९ रुपयांखाली परवडत नाही. आम्ही २३० मागायला सांगू. आई आजारी पडली किंवा परीक्षेमुळे मुलगा थांबला की जुन्या मालातही हीच फट दिसू लागते. घरच्यांची मजुरी धरून भाव लावलेला असेल, तर बदली माणसाचे पैसे त्यातच असतात.

बँकेचा कागद वेगळा. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात मालकाचा पगार नफा-तोट्यात लिहीत नाहीत. घरखर्चाला काढलेले पैसे उचल म्हणून दाखवतात. वरच्या उदाहरणात उचल २२,००० असेल तर ३९,००० मधून १७,००० उरतात, आणि व्याजासह ९,००० चा हप्ता त्यातून निभतो. घराला खरोखर लागते तेवढी उचल लिहा. ती ८,००० दाखवली तर अहवाल देखणा होतो, पण हप्ता थकतो. आणि मजुरीचे २६,३९० व उचलीचे २२,००० एकाच हिशेबातून वजा करू नका; एकाच श्रमाची दोनदा वजावट होते. ही चूक आम्हाला वारंवार दुरुस्त करावी लागते.

आयकरातही मालकाचा स्वतःचा पगार खर्च म्हणून चालत नाही. न दिलेली मजुरीही चालत नाही. घरच्या माणसाला प्रत्यक्ष, शक्यतो बँकेतून, कामाच्या मानाने रास्त पगार दिला असेल तर तो मांडता येतो. पत्नीला दिलेला पगार मात्र पुष्कळदा पतीच्याच उत्पन्नात मिळवला जातो, तेव्हा कर वाचेल असे गृहीत धरून तो सुरू करू नका, आधी विचारा. भागीदारीत काम करणाऱ्या भागीदाराचा मोबदला करारपत्रात लिहिलेला असेल तर ठरावीक मर्यादेपर्यंत धरता येतो.

येताना १५ दिवसांची वही आणा: कोणी, कोणतं काम, किती तास. रोज रात्री लिहा, आठवून लिहिलेले तास घरातल्या बायकांचे नेहमी कमी निघतात. पापड-बिबड्यांसारखा उन्हाळी धंदा असेल तर वही हंगामातली हवी.