फाटलेलं दूध आणि सोड्याचा हिशोब

गेल्या डिसेंबरात फोंड्याच्या आमच्या घरी मी एक केक केला. कृतीत दोन कप मैदा, एक कप बटरमिल्क, अर्धा टीस्पून खायचा सोडा आणि एक टीस्पून बेकिंग पावडर होती. दही नव्हतं, म्हणून ‘एक कप दुधात एक टेबलस्पून लिंबाचा रस घाला, दहा मिनिटं ठेवा, बटरमिल्क तयार’ हा सगळीकडे सांगितला जाणारा उपाय केला. दूध छान फाटलं, केकही फुगला. पण कापल्यावर आतला भाग पिवळट-करडा दिसला आणि घास गिळल्यावर जिभेवर साबणासारखी चव राहिली. बहीण म्हणाली, ‘‘सोडा जास्त झाला गं.’’ तिचं बरोबर होतं. मात्र सोडा मी कृतीत लिहिला होता तेवढाच, मोजून घातला होता. कमी पडलं होतं ते आम्ल.

या उपायाबद्दल बोलताना सगळ्यांचं लक्ष दूध फाटलं की नाही याकडे असतं. केकच्या दृष्टीने फाटणं जवळजवळ बिनमहत्त्वाचं आहे. महत्त्व आहे ते त्या कपभर दुधात आम्ल किती आहे आणि समोर सोडा किती आहे याला.

आधी दूध का फाटतं ते पाहू. दुधात केसीन नावाच्या प्रथिनाचे अतिसूक्ष्म गोळे तरंगत असतात. त्यांच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलत राहतात आणि दूध एकजीव दिसतं. ताज्या दुधाचा पीएच 6.6 ते 6.7 असतो. आम्ल घातलं की पीएच उतरतो, हा भार कमी होत जातो आणि गोळ्यांना घट्ट धरून ठेवणारं कॅल्शियमही सुटून पाण्यात उतरतं. 4.6 च्या जवळ भार जवळपास शून्य होतो आणि गोळे एकमेकांना चिकटतात. दही लागतं तेही याच कारणाने. फरक एवढाच की दह्यात जिवाणू तासन्‌तास हळूहळू आम्ल तयार करतात, म्हणून मऊ, सलग जाळं बनतं. लिंबाचा रस एकदम पडतो. जिथे थेंब पडतो तिथलं दूध लगेच गोठतं आणि बाकीचं तसंच राहतं. म्हणून कपात पातळ दूध आणि त्यात बारीक कण, असं दृश्य दिसतं.

यात तापमानाचीही गंमत आहे. फ्रिजमधून काढलेल्या अगदी थंड दुधात रस घातला तर दहा मिनिटांनीही फारसं काही दिसत नाही, कारण थंडीत केसीनचे गोळे एकमेकांना चिकटायला तयार नसतात. मग माणूस घाबरून आणखी लिंबू पिळतो. तसं करू नये. आम्ल दुधात पडल्या क्षणापासून तिथेच आहे आणि सोड्याशी गाठ पडल्यावर ते आपलं काम करणार आहे. दूध फक्त खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं, तेही लोण्यासाखरेचं मिश्रण थंड दुधाने आळून फुटू नये म्हणून. उलट नुकतं उकळलेलं, गरम दूध घेतलं तर पनीर सुटतं आणि निवळी वेगळी होते. ते पीठ भिजवायला घेऊ नये. आपल्याकडे दूध तापवायची सवय आहे, तेव्हा पूर्ण गार होऊ द्यावं आणि साय गाळून घ्यावी.

आता हिशोब. बाजारात मिळतं ते कागदी लिंबू. मध्यम आकाराच्या दीड-दोन लिंबांतून एक टेबलस्पून, म्हणजे 15 मिली रस निघतो. चांगल्या आंबट लिंबाच्या एवढ्या रसात साधारण 0.9 ग्रॅम सायट्रिक आम्ल असतं. एक ग्रॅम सायट्रिक आम्ल साधारण 1.3 ग्रॅम सोडा शमवतं. म्हणजे आपल्या चमचाभर रसाची ताकद जेमतेम 1.2 ग्रॅम सोड्याची, आणि पाव टीस्पून सोड्याचं वजन जवळपास तेवढंच भरतं.

परदेशी कृतींत ज्याला बटरमिल्क म्हणतात ते मलई काढलेल्या दुधाला विरजण लावून केलेलं, ओतता येईल इतपत दाट पेय असतं. त्यात लॅक्टिक आम्ल 0.8 ते 0.9 टक्के, म्हणजे कपात सुमारे दोन ग्रॅम असतं. एवढं आम्ल अर्ध्या टीस्पूनच्या थोडं आत सोडा शमवतं. म्हणूनच एक कप बटरमिल्कला अर्धा टीस्पून सोडा हे प्रमाण बेकिंगच्या कृतींत रूढ आहे. लिंबाच्या दुधाची ताकद याच्या निम्म्याहून थोडीच जास्त. माझ्या केकमध्ये जवळपास पाव टीस्पून सोड्याला जोडीदारच मिळाला नाही.

जोडीदार नसलेला सोडा भट्टीत गप्प बसत नाही. उष्णतेने तो स्वतःच मोडतो. त्यातून वायू निघतो, पण आम्लासोबत निघाला असता त्याच्या निम्माच, आणि मागे धुण्याचा सोडा उरतो. साबणासारखी चव त्याची. मैद्यातली काही नैसर्गिक रंगद्रव्यं अल्कात पिवळी पडतात, म्हणून आतला भाग पिवळट. वरची बाजूही नेहमीपेक्षा लवकर आणि गडद तपकिरी होते. केक फुगतोच, त्यामुळे दोष कापेपर्यंत लक्षात येत नाही.

पीठ भट्टीत टाकण्याआधी तपासायचं असेल तर हळद उपयोगी पडते. ढोकळ्यात सोडा नीट न मिसळल्यास लाल ठिपके उठतात ते सगळ्यांनी पाहिलेत. अल्क भेटलं की हळद तांबूस होते, तेच इथे वापरायचं. कालवलेल्या पिठाचा चमचाभर भाग वाटीत काढून त्यात चिमूटभर हळद घालावी. ठिपका केशरी-तांबडा झाला तर सोडा नक्की शिल्लक आहे. पिवळाच राहिला म्हणजे सगळं ठीक असेलच असं मात्र नाही, कारण थोडा उरलेला सोडा हळदीला रंग बदलायला लावत नाही.

तोच केक पुन्हा केला तेव्हा दोन बदल केले. पहिला सोड्याचा. अर्ध्याऐवजी पाव टीस्पून सोडा घेतला, आणि कमी केलेल्या पाव टीस्पूनच्या बदल्यात पाऊण टीस्पून बेकिंग पावडर वाढवली, म्हणजे पावडर एकूण पावणेदोन टीस्पून झाली. बेकिंग पावडरमध्ये सोड्यासोबत त्याला पुरेल इतकं कोरडं आम्ल आधीच असतं, त्यामुळे ती दुधातल्या आम्लावर अवलंबून राहत नाही. सोडा तसाच ठेवून लिंबूच दुप्पट करणं हिशोबाला चालतं, पण व्हॅनिलाच्या केकला लिंबाचा वास येतो. ओलं खोबरं घातलेल्या रव्याच्या केकमध्ये तो वास मला आवडतो, चॉकलेटमध्ये नाही.

दुसरा बदल दुधाचा. बटरमिल्क दाट असतं, लिंबाचं दूध दुधाइतकंच पातळ. कपाला कप घातलं की पीठ सैल होतं, बुडबुडे पिठात न टिकता वर येऊन फुटतात आणि काजू-मनुका तळाला जाऊन बसतात. म्हणून मापाच्या कपात आधी एक टेबलस्पून रस घेतला, कप भरेपर्यंत दूध ओतलं, आणि पिठात घालताना दोन-तीन टेबलस्पून हातचे राखले. चमच्यावरून पीठ धारेने न पडता जाड पट्टीसारखं ओघळलं तेव्हा थांबले. उरलेल्या दुधाबरोबर थोडं आम्लही बाजूला राहतं, पण ते एवढं थोडं की चवीत कळलं नाही. या वेळी केक आतून पांढरट निघाला आणि साबणाची चव गेली.

वेळेचंही भान हवं. सोडा ओल्या आम्लाला भेटताच वायू सुटायला लागतो आणि लिंबाच्या आम्लाशी हे फार झपाट्याने होतं. एकदा पीठ कालवलं आणि लाइट गेली. ती चाळीस मिनिटांनी आली तोवर पिठावरचे बुडबुडे फुटून संपले होते आणि केक दोन बोटांचा, दडदडीत झाला. तेव्हापासून ओव्हन तापल्याशिवाय मी सुकं आणि ओलं एकत्र करत नाही.

एवढ्या हिशोबावरून हा उपाय कुठे चालतो हे कृती वाचूनच ओळखता येतं. कपभर बटरमिल्कला पाव टीस्पून किंवा त्याहून कमी सोडा असेल आणि फुगवण्याचं बरंचसं काम बेकिंग पावडरकडे असेल तर बिनधास्त करावं. पॅनकेक, मफिन, पिकलेल्या केळ्यांचा केक यांत तो उत्तम जमतो; केळ्यांत तर स्वतःचंही थोडं आम्ल असतं. बटरमिल्कच्या दाटपणावर किंवा चवीवर पदार्थ उभा असेल तिथे तो जमत नाही. विरजणातल्या जिवाणूंमुळे येणारा लोण्यासारखा वास लिंबू देऊ शकत नाही. त्यामुळे सॅलडवरच्या दाट ड्रेसिंगमध्ये किंवा फक्त बटरमिल्कने मळायच्या स्कोनमध्ये फरक लगेच कळतो. आणि लिंबाच्या दुधाची कढी तर करूच नये. आधीच काठावर आलेलं केसीन उष्णता लागली की सपशेल गोळा होतं.

घरात दही असेल तर मात्र लिंबाच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पाऊण कप दही पाव कप दुधात घुसळलं की बटरमिल्कच्या जवळचा दाटपणा मिळतो आणि आम्लही जवळपास तेवढंच. गोव्यातल्या दमट हवेत दही लवकर आंबतं, आणि थोडं आंबलेलं दही इथे उलट चांगलंच. बटरमिल्क म्हणजे ताक असं समजून जेवणावर घेतो ते पातळ ताक घालणं ही सर्रास होणारी चूक आहे. दह्यात दुप्पट पाणी घातलं की आम्ल एक तृतीयांशावर येतं. असं ताक लिंबाच्या दुधापेक्षाही कमजोर, आणि पाण्यासारखं पातळ.

लिंबू नसेल आणि इथल्या बऱ्याच स्वयंपाकघरांत असतं तसं माडाच्या सुरेचं व्हिनेगर असेल, तर तेही चमच्याला चमचा चालतं. बाजारात मिळणारं चार टक्क्यांच्या आसपासचं व्हिनेगर सोड्याला लिंबाच्या सुमारे सत्तर टक्केच पुरतं. घरी केलेल्याचा आंबटपणा दर वेळी वेगळा, म्हणून त्याच्या भरवशावर सोडा वाढवू नये. ज्यांना दूध चालत नाही त्यांनी नारळाच्या दाट दुधात लिंबू पिळावं. त्यात केसीन नाही, त्यामुळे दुधासारखे कण दिसण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. सोलकढीत नारळाचा रस कोकमाची आंबट चव घेऊनही कसा पांढरट-गुलाबी, एकजीव राहतो ते आठवावं. आम्ल त्यात पुरेपूर असतं. पाव टीस्पून सोडा त्या कपभर रसालाही तितकाच पुरतो.