सीएचा दाखला हातात आला की काय तपासाल?

गेल्या वर्षी एक छापखान्याचे मालक बँकेने परत पाठवलेला नेटवर्थचा दाखला घेऊन आमच्याकडे आले. लेटरहेड, गोल शिक्का, सही, खाली यूडीआयएन म्हणजे सीएच्या कागदाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, सगळं होतं. आम्ही शिक्क्यातला सभासद क्रमांक आणि यूडीआयएन एकाखाली एक लिहून पाहिले. यूडीआयएन अठरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा सही करणाऱ्या सीएच्या सभासद क्रमांकाचे. इथे ते सहा अंकच जुळत नव्हते. दाखला बनावट होता आणि त्यात त्यांचं कर्ज लांबलं. म्हणून हे माहितीपत्रक.

अंक जुळले तरी udin.icai.org वर तो क्रमांक टाकून पाहा. तिथे कागदाचा प्रकार, तारीख आणि सीएने नोंदवलेले मुख्य आकडे दिसतात. आकडे जरूर ताडून पाहा, कारण खरा यूडीआयएन उचलून दुसऱ्याच कागदावर छापता येतो. तिथे नेटवर्थ ४० लाख आणि तुमच्या हातातल्या कागदावर ९० लाख असेल, तर तो कागद वापरू नका.

यूडीआयएन माणसाची ओळख देतो. फर्मसाठी एफआरएन, म्हणजे आयसीएआय या सीएंच्या संस्थेकडचा फर्म नोंदणी क्रमांक पाहावा लागतो. सहा अंक आणि शेवटी विभागाचं अक्षर, अशी त्याची घडण. महाराष्ट्र, गोवा, गुजरातच्या फर्मना W मिळतो. मुख्य कार्यालय दुसऱ्या विभागात असेल तर पुण्यातल्या शाखेच्या कागदावरही वेगळं अक्षर असू शकतं, त्यात गैर काही नाही. गुमास्ता परवाना, जीएसटी क्रमांक किंवा रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडची भागीदारीची नोंद मात्र एफआरएनची जागा घेऊ शकत नाही. ही कागदपत्रं कर सल्लागाराकडेही असतात. तो रिटर्न भरून देऊ शकतो, पण टॅक्स ऑडिटच्या अहवालावर सही करू शकत नाही.

भागीदार कोण, हे लेटरहेडवरून ठरवू नका. फर्म सोडून गेलेल्यांची नावं जुन्या लेटरहेडवर तशीच राहतात. फर्मकडे आयसीएआयचं ‘फर्म कॉन्स्टिट्यूशन सर्टिफिकेट’ मागा. त्यात ठरावीक तारखेला असलेले भागीदार त्यांच्या सभासद क्रमांकांसह लिहिलेले असतात. ती तारीख आधी बघा. एकट्याची प्रोप्रायटरी फर्म असेल तर त्यात एकच नाव असेल, तेही रीतसरच आहे. फर्म एलएलपी असेल तर mca.gov.in वर तिचे डेझिग्नेटेड पार्टनर सापडतात. बाकीचे भागीदार त्या यादीत दिसतीलच असं नाही, तेव्हा सर्टिफिकेट तिथेही मागाच.

आमचं ताजं सर्टिफिकेट कार्यालयात फाइलला लावलेलं आहे. काम देण्याआधी मागून घ्या, प्रत देऊ.