गुलाबाची दोन अत्तरं, दोन्ही ‘बिनअल्कोहोलची’

माझ्यासमोर गुलाबाच्या अत्तराच्या दोन बाटल्या आहेत. दोन्हींत एकेक तोळा अत्तर आहे आणि दोन्हींवर ‘अल्कोहोल नाही’ असं ठळक छापलंय. एक दोनशे रुपयांची, दुसरी काही हजारांची. दोन्हींवरची ओळ खरी आहे, पण त्या ओळीवरून अत्तराबद्दल फारसं काहीच कळत नाही. तिचा अर्थ एवढाच, की स्प्रेच्या सेंटमध्ये असतं ते स्पिरिट यात नाही. (रसायनशास्त्राच्या हिशेबाने चंदनातलं सँटॅलॉल आणि गुलाबातलं जेरॅनिऑल हीसुद्धा अल्कोहोलंच, पण ते असो.) स्पिरिट नाही, तर मग काय आहे, हे विचारायला हवं.

महागड्या बाटलीतलं अत्तर उत्तर प्रदेशातल्या कन्नौजच्या जुन्या पद्धतीचं आहे. देग नावाच्या तांब्याच्या मोठ्या हंड्यात पाकळ्या आणि पाणी घालतात, झाकण मातीने लिंपून बंद करतात आणि खाली मंद जाळ लावतात. वाफ बांबूच्या नळीतून, म्हणजे चोंग्यातून, भपक्यात उतरते. भपका हे लांब मानेचं तांब्याचं भांडं. ते पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलेलं असतं आणि त्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं. वाफ थंड होऊन पाणी होते आणि तिच्यातला गंध तेल धरून ठेवतं. चंदन तेल पाण्यापेक्षा किंचित हलकं असल्याने वर तरंगतं. मग खालचं पाणी काढून ते पुन्हा देगेत घालतात, वर ताज्या पाकळ्या टाकतात, आणि तेल मात्र तेच ठेवतात. गंध पुरेसा भरेपर्यंत हे कित्येक दिवस रोज चालतं. शेवटी उरलेला ओलावा जावा म्हणून अत्तर चामड्याच्या कुप्पीत ठेवतात.

चंदन तेलच का? कारण ते फार हळू उडतं, त्यामुळे पटकन उडून जाणारा फुलांचा गंध त्याच्या आधाराने टिकतो, आणि त्याचा स्वतःचा वास सौम्य असल्याने तो फुलावर कुरघोडी करत नाही.

स्वस्त बाटलीतलं अत्तर बहुधा अशा भट्टीत उतरवलेलंच नसतं. कारखान्यात बनवलेलं गुलाबाचं सुगंधी मिश्रण डायइथाइल थॅलेट किंवा लिक्विड पॅराफिन अशा बिनवासाच्या द्रवात ढवळलं, की झालं. पण मधला एक प्रकार जास्त फसवा आहे. चंदन तेल परवडेना म्हणून आता कन्नौजमध्येही पुष्कळ अत्तर पॅराफिनमध्ये उतरवलं जातं. त्यात फुलं खरी, देग-भपका खरा, फक्त चंदन नाही. ‘भट्टीचं आहे’ हे दुकानदाराचं म्हणणं खोटं नसतं, पण अपुरं असतं. म्हणून दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: फुलं खरी आहेत का, आणि उतरवलंय कशात?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं हिशेबातच मिळतं. भारतीय चंदनाचं शुद्ध तेल किलोला लाखाच्या वरच जातं. तोळा म्हणजे सुमारे साडेअकरा ग्रॅम. म्हणजे फुलं, सरपण आणि मजुरी धरण्याआधीच नुसत्या तेलाचे अकराशेपेक्षा जास्त रुपये होतात. दोनशे रुपयांत ते बसणं शक्यच नाही. उलट बाजूने मात्र हा हिशेब चालत नाही. महाग म्हणजे अस्सल, असं नाही.

घरी करता येण्यासारखी एक चाचणी पाण्याची आहे. पाण्यात एक थेंब सोडावा आणि टाचणीने हलकेच खाली ढकलावा, नाहीतर जड थेंबही पृष्ठभागावर अडकून राहतो. थेंब तळाला गेला तर आधार चंदनाचा नाही, कारण डायइथाइल थॅलेट पाण्याहून जड असतं. पण तरंगला म्हणून खूश होऊ नका, पॅराफिनही तरंगतंच. कागदावर तेलकट डाग राहिला तर भेसळ, ही परीक्षा मला भरवशाची वाटत नाही. चंदन तेलाचा डागही सहजी जात नाही.

माझा जास्त विश्वास वेळेवर आहे. कागदाच्या पट्टीवर एक थेंब घ्या आणि दहा मिनिटांनी, दोन तासांनी व दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगा. अस्सल गुलाब अत्तर सुरुवातीला अपेक्षेपेक्षा दबकं लागतं, गुलाबाआड लाकूड जाणवतं. हळूहळू गुलाब मागे सरतो आणि सकाळी दुधाळ, मऊ चंदन उरतं. मिश्रणाचं अत्तर झाकण उघडताच खोली भरून टाकतं आणि तासन्‌तास एकाच सुरात राहतं. पॅराफिनमधलं भट्टीचं अत्तर छान सुरू होतं, पण सकाळी पट्टीवर नुसता तेलकटपणा उरतो. रंगही पाहा: चंदनातलं गुलाब अत्तर फिकट पिवळसर असतं, गुलाबी दिसलं तर रंग घातलेला आहे.

एक अडचण राहतेच. चंदनाचा वास देणारी कृत्रिम रसायनंही असतात आणि ती सकाळपर्यंत टिकतात, अशा वेळी नाक हरतं. मोठी खरेदी असेल तर विक्रेत्याकडे त्याच घाण्यातल्या अत्तराचे घटक दाखवणारा गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल मागावा. त्यात सँटॅलॉल भरपूर दिसायला हवं आणि थॅलेट अजिबात नको. अहवाल नसेल तर निदान अर्धा ग्रॅम नमुना घेऊन घरी जावं आणि सकाळपर्यंत थांबावं.