डेप्थ फर्स्ट सर्च : शोधवेळ, समाप्तिवेळ आणि कडांचे प्रकार

डेप्थ फर्स्ट सर्च (डीएफएस) ही ग्राफमधले सर्व नोड पद्धतशीर फिरून पाहण्याची रीत आहे. एका नोडपासून निघून मिळेल त्या न पाहिलेल्या शेजाऱ्याकडे आत आत जायचे आणि पुढे वाट उरली नाही की आलो त्याच वाटेने एक पाऊल मागे फिरायचे. चक्रव्यूहातून बाहेर पडण्यासाठी ही युक्ती एकोणिसाव्या शतकात ट्रेमो या फ्रेंच गणितज्ञाने वापरली होती. संगणकशास्त्रात तिचे खरे सामर्थ्य रॉबर्ट टार्जन यांच्या 1972 च्या शोधनिबंधातून पुढे आले. फिरताना प्रत्येक नोडवर दोन वेळा नोंदवल्या, तर ग्राफची रचनाच उलगडते.

```
DFS(u):
    t = t + 1;  d[u] = t
    for v in adj[u]:
        if d[v] == 0: DFS(v)
    t = t + 1;  f[u] = t
```

येथे `d` ही शोधवेळ, म्हणजे नोड पहिल्यांदा सापडला तो क्षण, आणि `f` ही समाप्तिवेळ, म्हणजे त्याच्यापासून निघणाऱ्या सगळ्या कडा तपासून संपल्या तो क्षण. सुरुवातीला `t` आणि सर्व `d` शून्य असतात. न सापडलेला नोड पांढरा, सापडलेला पण अजून न संपलेला करडा आणि संपलेला काळा मानण्याची प्रथा आहे. कोणत्याही दोन नोडांचे `d` ते `f` हे कालखंड एक तर पूर्ण वेगळे असतात किंवा एक दुसऱ्याच्या पोटात असतो. ते अर्धवट एकमेकांवर कधीच चढत नाहीत.

एक दिशायुक्त ग्राफ घेऊ. त्याचे नोड क, ख, ग, घ, च असून कडा क→ख, क→ग, ख→ग, ग→घ, घ→ख आणि च→घ अशा आहेत. क पासून वर्णक्रमाने निघालो तर क 1 ला, ख 2 ला, ग 3 ला आणि घ 4 ला सापडतो. या तीन पावलांनी ज्या कडा वापरल्या, त्या क→ख, ख→ग आणि ग→घ या ट्री एज. घ वरून ख कडे पाहिले तर ख अजून करडा आहे, म्हणजे घ चा पूर्वज आहे. म्हणून घ→ख ही बॅक एज. मग घ 5 ला, ग 6 ला आणि ख 7 ला संपतो. क वर परतल्यावर क→ग तपासायची राहिलेली असते. ग काळा आहे आणि क नंतर सापडलेला आहे, म्हणजे तो क चा वंशज आहे. ही फॉरवर्ड एज. क 8 ला संपतो. उरलेल्या च पासून DFS पुन्हा सुरू केल्यावर तो 9 ला सापडतो आणि घ काळा दिसतो, पण घ तर च च्या आधीच सापडून संपला होता. दोघांत पूर्वज-वंशज नाते नाही, म्हणून च→घ ही क्रॉस एज. च 10 ला संपतो.

फॉरवर्ड आणि क्रॉस यांचा निवाडा फक्त शोधवेळेवर होतो: कड जिथे पोहोचते तो नोड काळा असून त्याची शोधवेळ मोठी असेल तर फॉरवर्ड, लहान असेल तर क्रॉस.

हे प्रकार ग्राफचे अंगभूत गुण नाहीत, फिरण्याच्या क्रमावर ते ठरतात. वरचाच ग्राफ च पासून फिरला तर घ→ख ट्री एज होते, ग→घ बॅक एज होते आणि क वरून निघणाऱ्या दोन्ही कडा क्रॉस ठरतात. बॅक एज मात्र एक तरी उरतेच, कारण ख→ग→घ→ख हे चक्र ग्राफमध्ये आहे. चक्रातला जो नोड सर्वांत आधी सापडतो, त्याच्या पोटात चक्रातले बाकीचे सगळे नोड सापडून संपतात. त्यांतला शेवटचा जेव्हा त्याच्याकडे वळतो, तेव्हा तो पहिला नोड करडाच असतो. उलट बाजूने, बॅक एज म्हणजे वंशजाकडून पूर्वजाकडे जाणारी वाट, म्हणून चक्र आहेच.

इथेच प्रोग्रॅम लिहिताना सर्वाधिक घसरगुंडी होते. नोड 'पाहिला' की 'नाही पाहिला' एवढेच ठेवले, तर क→ग आणि च→घ या निरुपद्रवी कडाही चक्र म्हणून दाखवल्या जातात. करडा आणि काळा यांतला फरक, म्हणजेच समाप्तीची नोंद, हवीच. घ→ख काढून टाकली तर याच क्रमाने फिरताना वेळा तशाच राहतात आणि समाप्तिवेळेच्या उतरत्या क्रमाने च, क, ख, ग, घ अशी मांडणी मिळते. त्यात प्रत्येक कड डावीकडून उजवीकडे जाते. हेच टोपोलॉजिकल सॉर्टिंग.

दिशाहीन ग्राफमध्ये फॉरवर्ड आणि क्रॉस एज उरतच नाहीत, कारण कड दोन्ही टोकांकडून दिसते आणि ज्या टोकाकडून ती आधी तपासली जाते त्यावरूनच तिचा प्रकार ठरतो. तिथे पालकाकडे परत जाणारी कड बॅक एज समजू नये. मात्र दोन नोडांमध्ये समांतर कडा असतील तर केवळ पालक नोड वगळून भागत नाही, आलेली नेमकी कड वगळावी लागते.

शेजार-यादी वापरल्यास एकूण काम नोड आणि कडा यांच्या बेरजेच्या प्रमाणात असते. लांब साखळीच्या ग्राफवर रिकर्शन खोल जाते. पायथॉनची मूळ मर्यादा 1000 असल्याने तिथे स्वतःचा स्टॅक ठेवावा लागतो. त्यात नोड ढकलतानाच `d` नोंदवला तर खंडांची वरची रचना मोडते. `d` नोडवर प्रत्यक्ष पोहोचल्यावर आणि `f` त्याच्या शेजाऱ्यांची यादी संपल्यावरच नोंदवावी.